किती दिवस, आणि कसले दिवस

कुत्र्याचा आजार बरा होणारा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरच्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे, "अजून किती दिवस?" या प्रश्नाचं नेमकं उत्तर बहुतेक वेळा कोणाकडेच नसतं. खरं तर त्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे ते दिवस कसले असतील. त्याचं उत्तर मात्र घरी बसून, रोज थोडं लक्ष देऊन शोधता येतं. दयामरणाचा निर्णय याच दुसऱ्या प्रश्नाच्या आधारावर घ्यायचा असतो. तो शेवटच्या रात्री, कुत्रा तडफडत असताना घ्यावा लागला तर घरच्यांना विचार करायला अवधीच मिळत नाही.

अनेक घरांत हा निर्णय लांबण्याचं कारण साधं असतं. घरच्यांना वाटतं, वेळ आली की डॉक्टर सांगतीलच. डॉक्टरांना वाटतं, विषय घरच्यांनी काढावा, आपण बोललो तर त्यांना वाटेल डॉक्टरांनी हात टेकले. दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत राहतात आणि दरम्यान कुत्र्याचे दोन आठवडे हालात जातात. ही कोंडी फोडायला एक साधी पद्धत उपयोगी पडते. ती समजून घेण्यासाठी एक घर कल्पनेनं उभं करू.

पुण्यात कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहतं. आई, बाबा, नोकरी करणारा मुलगा आणि आजी. ब्रुनो हा त्यांचा बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर. गेले काही महिने तो वाटी वाटी पाणी पितोय, रात्रीही लघवीला उठवतोय आणि त्याचं वजन चौतीस किलोंवरून तिसावर आलंय. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन ४.२ निघालं. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती.

आजार समजला तर शेवट समजतो

मूत्रपिंडाला निसर्गानं कामाची मोठी शिल्लक दिलेली आहे. त्यामुळे साधारण तीन चतुर्थांश क्षमता संपेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढत नाही. अहवालात आकडा वाढलेला दिसतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. पशुवैद्यक या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. कुत्र्याचं क्रिएटिनिन दर डेसिलिटरला २.९ ते ५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर तिसरी पायरी, ५ च्या वर गेलं तर चौथी आणि शेवटची. ब्रुनो तिसऱ्या पायरीवर होता. मूत्रपिंडासाठीचं वेगळं खाणं, रक्तातलं फॉस्फरस कमी ठेवणारं औषध आणि उलटीवरची गोळी यांवर त्याचे तीन महिने चांगले गेले. मग उलट्या वाढल्या आणि पुन्हा तपासलेलं क्रिएटिनिन ७.८ आलं.

इथे एक गोष्ट डॉक्टरांना विचारलीच पाहिजे. ही घसरण आजाराचीच आहे, की त्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलंय? उलट्यांमुळे शरीरातलं पाणी कमी झालं तरी क्रिएटिनिन चढतं. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, गोचिडांमुळे होणारा ताप, पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस यांनीही ते एकदम उसळू शकतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. संकट आलं त्याच दिवशी, हे न तपासता निर्णय घेतला तर वाचण्यासारखा कुत्रा हातचा जाऊ शकतो.

ब्रुनोच्या डॉक्टरांनी म्हणूनच मुदत घातलेला उपचार सुचवला. "तीन दिवस शिरेतून सलाईन देऊ. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त बघू. आकडा उतरला आणि हा स्वतःहून जेवायला लागला तर घरी न्या. यातलं काहीच झालं नाही तर आपण बसून बोलू." उपचार सुरू करण्याआधीच तो कधी थांबवायचा हेही ठरलं, हे यात महत्त्वाचं. मुदत नसलेला उपचार एकातून दुसऱ्यात वाहत जातो आणि प्रत्येक दिवशी "एवढं केलं, आता अजून एक दिवस" असं वाटत राहतं.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ६.१ वर आलं. ब्रुनो थोडा दहीभात खाऊन घरी आला. आता आईला घरच्या घरी त्याच्या कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं गेलं. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायची, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी आत सोडायचं. तिथे थोडा वेळ फुगा येतो आणि काही तासांत तो जिरतो. या काळजीनं मूत्रपिंडं बरी होत नाहीत, पण कुत्र्याला बरं वाटतं. घरी येताना डॉक्टरांनी आईच्या हातात एक कागद दिला आणि सांगितलं, "ताई, आजपासून वही घाला."

सात गोष्टी आणि एक वही

त्या कागदावर जगण्याचा दर्जा मोजण्याची पट्टी होती. अशा पट्ट्या बऱ्याच आहेत, पण सर्वांत जास्त वापरली जाते ती ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यकांनी २००४ साली मांडलेली. त्या प्राण्यांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञ. अखेरच्या आजारातल्या प्राण्यांची घरी सेवा करणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांनी ही पट्टी तयार केली. तिच्यात सात गोष्टी आहेत: दुखणं, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. दहा म्हणजे उत्तम. सत्तरपैकी बेरीज पस्तीसच्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्याजोगं आयुष्य आहे असं मानायचं.

कागद वाचायला सोपा आहे. गुण देणं तितकं सोपं नाही, कारण कुत्रं आपलं दुखणं सहसा ओरडून सांगत नाही. दुखण्याच्या रकान्यात म्हणून कण्हण्याची वाट पाहायची नसते. बसल्या जागी धापा टाकणं, रात्री सारखी कूस बदलणं, नेहमीची जागा सोडून पलंगाखाली किंवा संडासाच्या कोपऱ्यात जाऊन पडणं, हात लावला की अंग आखडून घेणं, या खुणा असतात. श्वासाचा त्रासही याच रकान्यात धरतात आणि त्याला सर्वांत वरचा मान असतो. नीट श्वास घेता येत नसेल तर बाकीचे सहा रकाने कितीही चांगले असले तरी त्यांना अर्थ उरत नाही.

मूत्रपिंडाच्या आजारात पट्टीतली एक उणीव लक्षात ठेवावी लागते. अशा कुत्र्याचा मोठा त्रास असतो मळमळीचा, आणि मळमळीला स्वतंत्र रकाना नाही. ब्रुनो भांड्याजवळ यायचा, वास घ्यायचा, जीभ ओठांवरून फिरवायचा आणि मान वळवून निघून जायचा. घरच्यांना वाटायचं, लाडावलाय, आता चिकन मागतोय. प्रत्यक्षात त्याला भूक होती, पण अन्न समोर आलं की ढवळून येत होतं. तोंडातून अमोनियासारखा वास येऊ लागला होता आणि हिरड्यांवर लहान व्रण उठले होते. रक्तात साचलेल्या युरियाचा हा परिणाम. त्यामुळे खाणं नुसतं नकोसं नव्हतं, ते झोंबतही होतं. डॉक्टरांनी आईला मळमळीसाठी आठवा रकाना आखायला सांगितला. तो बेरजेत धरायचा नव्हता, फक्त रोज लिहायचा होता. त्यावरून उलटीच्या औषधाची वेळ आणि मात्रा त्यांना बदलता आली.

पाण्याचा रकाना असाच फसवा असतो. चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लगेच बसली नाही तर शरीरात पाणी कमी आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण म्हाताऱ्या, रोडावलेल्या कुत्र्याची कातडी तशीही सैल असते. त्यापेक्षा हिरड्यांना बोट लावून पाहावं. ओल्या आणि निसरड्या असतील तर ठीक, बोटाला चिकटत असतील तर पाणी कमी पडतंय.

आनंदाचा रकाना भरताना लोक सर्वांत जास्त अडतात. आनंद कसा मोजायचा? त्यासाठी कुत्रा धडधाकट असताना त्याला सर्वांत आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायच्या. ब्रुनोच्या यादीत होतं: संध्याकाळी मुलाच्या स्कूटरचा आवाज ओळखून दाराशी जाणं, आजीच्या ताटाशेजारी पोळीच्या तुकड्याची वाट पाहत बसणं, खालच्या बागेत लोळणं, आणि बाल्कनीतून मांजरांवर भुंकणं. दर आठवड्याला यातल्या किती उरल्या एवढंच बघायचं. आपण प्रेमापोटी स्वतःची समजूत घालत असलो तरी ही यादी बदलत नाही.

दोन माणसं, दोन बेरजा

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात आईनं दिलेले गुण असे होते. दुखणं सात, भूक पाच, पाणी पाच, स्वच्छता सात, आनंद सात, हालचाल सहा, चांगले दिवस सहा. बेरीज त्रेचाळीस. ब्रुनो जगत होता आणि त्याचं जगणं त्याला हवंसं होतं. निर्णयाचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात भूक तीनवर आली, चांगले दिवस चारवर, आनंद आणि हालचाल पाच-पाचवर. दुखणं, पाणी आणि स्वच्छता यांना सहा-सहा. बेरीज बरोबर पस्तीस. त्याच रात्री मुलानं स्वतंत्रपणे गुण दिले तर बेरीज बेचाळीस आली. दोघांत वाद झाला. मुलाला वाटलं, आई घाबरून कमी गुण देतेय. आईला वाटलं, हा डोळे मिटून घेतोय.

दोघंही खरं तेच लिहीत होते. मुलगा रात्री आठला घरी येतो. त्याची चाहूल लागली की ब्रुनो उठतो, शेपटी हलवतो, दारापर्यंत येतो. मुलाला दिसतो तो हा ब्रुनो. आईला दिसतो तो पहाटे चारला पिवळं पाणी ओकणारा, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलेला ब्रुनो. घरचं माणूस आल्यावर कुत्रा अंगातलं उरलंसुरलं बळ गोळा करून उभा राहतो. त्यानं केलेलं ते स्वागत मनापासूनचं असतं, पण ते चोवीस तासांतल्या पाच मिनिटांचं असतं. म्हणून गुण निदान दोघांनी, एकमेकांचे न पाहता द्यावेत, आणि बेरजा जुळल्या नाहीत तर तू दिवसाच्या कोणत्या वेळी त्याला पाहतोस हे एकमेकांना विचारावं. मुलानं शनिवार-रविवार पूर्ण घरी राहून पुन्हा गुण दिले. या वेळी त्याची बेरीज सदतीस आली.

या पट्टीची मर्यादाही इथेच कळते. पस्तीस हा काही परीक्षेतला उत्तीर्णांक नाही. चौतिसाला मरण आणि छत्तिसाला जगणं असं तिच्या कर्त्यांनाही म्हणायचं नव्हतं. शिवाय सगळे रकाने सारख्या तोलाचे नसतात. मागचे पाय गेलेला पण पोटभर जेवणारा, चाकांच्या गाडीवर बागेत फिरणारा कुत्रा हालचालीत दोन गुण मिळवूनही आनंदात असतो. याउलट फुप्फुसात पाणी भरलेला कुत्रा बाकी सगळ्यांत सात मिळवूनही हालात असतो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा उतार किती तीव्र आहे, तो कुठल्या रकान्यात आहे आणि उपचारानं तो थांबतोय का, हे पाहायचं. त्रेचाळीसवरून पस्तीस, आणि तेही उलटीचं औषध, सलाईन, सगळं चालू असताना. वहीतून डॉक्टरांना समजली ती ही गोष्ट.

रेघ आधीच आखायची

वही घेऊन आई-बाबा डॉक्टरांकडे गेले. या भेटीसाठी वेगळी वेळ मागून घ्यावी. दवाखान्यात लसीकरणाची रांग लागलेली असताना, टेबलावर कुत्रा थरथरत असताना हे बोलणं होत नाही. शक्य असेल तर कुत्र्याला न नेता जावं, आणि घरात निर्णय घेणारी जितकी माणसं आहेत तितक्यांनी जावं. ब्रुनोची आजी म्हणत होती, "त्याचं तो जाईल, आपण कोण?" तिलाही नेलं, हे बरं झालं.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला, तो सगळेच विचारतात. "डॉक्टर, तुमचा कुत्रा असता तर काय केलं असतंत?" काही डॉक्टर याचं उत्तर देतात, काही टाळतात. टाळण्यामागे कारण असतं, कारण तुमच्या घरच्या परिस्थितीचं ओझं त्यांना उचलता येत नाही. त्यापेक्षा असा प्रश्न विचारला तर उत्तर ठोस मिळतं: "आम्ही काहीच केलं नाही तर याचा शेवट कसा होईल?"

या प्रश्नावर डॉक्टर बोलल्या ते ऐकून आजी गप्प झाली. घरात एक चित्र असतं, की म्हातारा कुत्रा रात्री झोपेल आणि सकाळी उठणार नाही. काही कुत्र्यांना तसं मरण येतंही. पण निकामी मूत्रपिंडांचा शेवट बहुधा तसा नसतो. खाणं पूर्ण बंद होतं. तोंडातले व्रण वाढतात. पाणी प्यायलं तरी उलटून पडतं. अंग थंड पडत जातं, शुद्ध हरपत जाते, काहींना झटके येतात. याला अनेक दिवस लागू शकतात, आणि त्यातले पुष्कळसे दिवस कुत्रा शुद्धीवर असतो. नैसर्गिक मरण आणि शांत मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजीची अडचण धर्माची होती, आणि तिला उडवून लावणं योग्य नव्हतं. हा पेच या देशात जुना आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं आणि त्याच्या बऱ्या होण्याची आशा संपली होती. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याचे हाल संपवले, त्या वेळी ते स्वतः तिथे हजर होते, आणि मग त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. अहिंसेला वाहिलेल्या माणसानं हे कसं केलं, असं लोक विचारत होते. दुसरा कोणताही उपाय उरला नसताना आणि आपला स्वार्थ त्यात नसताना हाल संपवणं अहिंसेत बसतं, अशी त्यांची भूमिका होती. सगळ्यांना ती पटली नाही, आजही पटणार नाही. पण जीव घेणं आणि हाल संपवणं यांत फरक करता येतो का, हा प्रश्न आजीला विचार करण्याजोगा वाटला.

मग डॉक्टरांनी रेघ आखायला सांगितली. "आज ब्रुनो बरा आहे, म्हणून आजच ठरवू. तीन गोष्टी लिहा. त्यातल्या दोन झाल्या की मला फोन करायचा, आणि त्या दिवशी पुन्हा चर्चा करायची नाही." त्यांनी लिहिलं: सलग दोन दिवस काहीच न खाणं, औषध देऊनही दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, आधाराशिवाय उठून लघवीला जाता न येणं. त्याखाली वेगळी ओळ होती. झटका आला किंवा शुद्ध गेली तर गुण आणि बेरीज बाजूला ठेवून तत्काळ यायचं.

ही रेघ प्रत्येक आजारात वेगळी असते. हृदय निकामी होत असेल तर घरच्यांनी रात्री, कुत्रा गाढ झोपलेला असताना, त्याचे मिनिटातले श्वास मोजावेत. ते सहसा तिसाच्या आत असतात. चढत चाळीस-पन्नासवर गेले आणि औषधानं उतरेनात तर फुप्फुसात पाणी साचतंय. पाणथरीवर रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर कुत्रा कालपर्यंत ठणठणीत दिसतो आणि आज गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. अशा आजारात पट्टीवरची बेरीज शेवटपर्यंत चांगली असू शकते, म्हणून तिथे बेरजेवर विसंबता येत नाही. आपल्या कुत्र्याचा आजार कोणत्या दारानं शेवटाकडे जातो हे डॉक्टरांकडून समजून घेतलं तरच योग्य रेघ आखता येते.

याच भेटीत आणखी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. एक, पैसे. रोजचं सलाईन, महिन्याच्या तपासण्या, औषधं यांचा खर्च किती आणि आपण किती पेलू शकतो, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यावरून त्या उपचारांचा क्रम लावू शकतात. दुसरी, अवेळ. रात्री दोनला झटका आला तर कोणाला फोन करायचा, तुम्ही घरी येता का, येत नसाल तर कोण येतं? काही डॉक्टर स्वतःच्या श्रद्धेमुळे दयामरण करत नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे, पण ते आधी कळलं तर दुसरे डॉक्टर शोधता येतात.

त्या दिवशी काय होतं

चौथ्या आठवड्यात बेरीज तेवीसवर आली. भूक एक, चांगले दिवस दोन, आनंद तीन. आवडत्या गोष्टींच्या यादीतली एकच उरली होती. स्कूटरचा आवाज आला की कान हलायचे, पण ब्रुनो उठत नव्हता. दोन दिवस अन्नाचा कण पोटात नव्हता आणि बाबा नि मुलगा त्याला चादरीची झोळी करून दोन मजले उतरवत होते. रेघ ओलांडली गेली होती. आईनं फोन केला.

दयामरणाची योग्य पद्धत कोणती, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवं, कारण इथे चूक झाली तर आधीची सगळी काळजी वाया जाते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. दहा-पंधरा मिनिटांत कुत्रा गाढ झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेत बारीक नळी बसवतात. त्यातून भूल देणाऱ्या औषधाचा, म्हणजे पेंटोबार्बिटलचा किंवा ते मिळत नसेल तर थायोपेंटोनसारख्या औषधाचा, मोठा डोस देतात. मेंदूची जाणीव आधी थांबते, मग श्वास, मग हृदय, आणि हे बहुधा काही मिनिटांतच होतं. काही डॉक्टर याच्या पुढे हृदय थांबवणारं पोटॅशियम क्लोराइड देतात. पूर्ण भूल चढलेली असेल तरच ते मान्य आहे. शुद्धीतल्या प्राण्याला पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट देणं क्रूर आहे आणि पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ते अमान्य ठरवतात. म्हणून आधीच विचारा: "पहिल्यांदा गाढ भूल देणार ना? मग कोणतं औषध देणार?" चांगले डॉक्टर या प्रश्नानं दुखावत नाहीत.

कायद्याबद्दलही लोकांच्या मनात धास्ती असते. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात प्राण्याला क्रूर पद्धतीनं मारणं हा गुन्हा आहे. पण ज्या प्राण्याला जिवंत ठेवणंच क्रूरतेचं ठरेल त्याचे हाल संपवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. बऱ्या न होणाऱ्या आजारात, नोंदणीकृत पशुवैद्यकानं, मालकाची लेखी संमती घेऊन हे केलं जातं. तो कागद नीट वाचून सही करावी.

त्या वेळी घरच्यांनी जवळ थांबावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. थांबणाऱ्यांना काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात, नाहीतर त्या आयुष्यभर डोळ्यांसमोर राहतात. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एक-दोन खोल श्वासांसारखे आचके येऊ शकतात, स्नायू थरथरतात, लघवी होते. कुत्र्याला त्या वेळी काहीही जाणवत नसतं, या शरीराच्या आपोआप होणाऱ्या हालचाली असतात. डॉक्टर स्टेथोस्कोपनं छाती नीट तपासून मगच सांगतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधी साध्या शब्दांत खरं सांगावं. कुत्रा गावाला गेला असं सांगितलेलं मूल पुढे कित्येक महिने त्याची वाट पाहतं.

नंतरच्या व्यवस्थेचाही विचार आधीच करावा. पेंटोबार्बिटल देहात दीर्घकाळ टिकतं. उथळ पुरलेला देह दुसऱ्या कुत्र्यांनी, घारी-गिधाडांनी उकरून खाल्ला तर त्यांनाही विषबाधा होते. त्यामुळे पुरायचं तर खड्डा खोल हवा, शहरात दहन अधिक योग्य. कोणती सोय जवळ आहे, ती किती वाजेपर्यंत उघडी असते, हे महापालिकेकडे किंवा डॉक्टरांकडे आधी चौकशी करून ठेवावं.

"लवकर केलं का?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात नंतर उठतो. ब्रुनोच्या घरातही मुलानं तो विचारला. आईनं त्याच्यापुढे वही ठेवली. चार आठवड्यांची पानं, दोघांच्या हस्ताक्षरातले गुण, डॉक्टरांसमोर लिहिलेल्या तीन ओळी आणि त्यापुढच्या खुणा. प्रश्न पूर्ण मिटला नाही, तो लगेच मिटतही नाही. पण आपण घाईनं किंवा कंटाळून काही केलं नाही, हे त्या पानांवर लिहिलेलं होतं, आणि त्यातले निम्मे गुण त्यानं स्वतः दिले होते.

वेळ अचूक साधली असं क्वचितच कोणाला वाटतं. नेमका क्षण असा नसतोच. असतो तो काही दिवसांचा अवधी, ज्यात निर्णय केव्हाही घेतला तरी तो बरोबरच असतो. त्याच्या आधी घेतला तर चांगले दिवस हिरावले जातात, आणि नंतर घेतला तर कुत्र्याच्या वाट्याला ज्यांतून काही मिळणार नाही असे हाल येतात. माणूस "पुढच्या महिन्यात नातवाचं लग्न आहे, तोवर सोसतो" असं म्हणू शकतो. कुत्र्याला पुढचा महिना ठाऊक नसतो. त्याच्याजवळ असतो तो आजचा दिवस, म्हणून अंदाज चुकायचाच असेल तर तो थोडा लवकरच्या बाजूनं चुकावा.

तेव्हा आजाराचं निदान झालं त्याच आठवड्यात तीन कामं करा. आवडत्या गोष्टींची यादी लिहा, घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यायला सुरुवात करा, आणि डॉक्टरांची वेगळी वेळ घेऊन आपल्या कुत्र्याची रेघ कोणती ते लिहून आणा. कुत्रा तोवर जेवत असेल, शेपटी हलवत असेल, आणि हे सगळं अवेळी वाटेल. पण शांतपणे विचार करता येतो तो याच दिवसांत.